साडेसातच्या आतली रांगोळी

अडतीस वर्षं मी रोज सकाळी बायकोनं काढलेली रांगोळी ओलांडून कामावर गेलो. आज कुणी म्हणालं, त्यातली एखादी आठवून काढून दाखव, तर मला जमणार नाही. रांगोळी असायची एवढं माहीत आहे. पांढरी असायची. तिच्यावर पाय पडला की आतून आवाज यायचा, "अहो, बघून चाला की जरा," हेही माहीत आहे. बाकी काही नाही. आणि मी कोण, तर कारखान्यात लेथवर आयुष्य घालवलेला माणूस. घडवायच्या जॉबमध्ये केसाएवढा फरक असला तर तो नुसत्या डोळ्यानं ओळखायचो, त्याबद्दल साहेब लोक माझी पाठ थोपटायचे. दारातलं मात्र दिसलं नाही.

ती गेली पौषात. दुपारी धुणं वाळत घालून आत आली, छातीत कसंतरी होतंय म्हणाली, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत ती भिंतीला टेकून बसली होती आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इतक्या पटकन झालं की मला बराच वेळ रागच आला होता. कुणावर ते कळत नव्हतं. बहुतेक तिच्यावरच.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. पंचगंगेच्या काठावर नैवेद्य मांडताना मेव्हणीनं विचारलं, "ताईच्या आवडीचं काय ठिवायचं?" मी म्हणालो, शिरा. मेव्हणी म्हणाली, "भावजी, शिरा तुमाला आवडतो. ती तुमच्यासाठी करत हुती." मग तिनंच पिशवीतनं भडंगाची पुडी काढून पानावर ओतली. कावळा आला आणि त्यानं भडंगच उचललं. सगळ्यांना सुटल्यासारखं झालं, मी मात्र खाली मान घालून उभा राहिलो. चारचौघांत परीक्षेत नापास झालो होतो.

उत्तरकार्य झालं, माणसं पांगली. तोवर घरात इतकी गर्दी होती की एकटं बसायला मी गच्चीवर जायचो. नंतर गच्चीवर जायची गरज राहिली नाही. कळंब्याच्या रस्त्याला आमची जुनी कॉलनी, समोरासमोर घरं, मधे बोळ. आवाज भरपूर, पण सगळे दुसऱ्यांच्या घरातले. माझ्या घरात नुसता फ्रिज बोलायचा.

एकट्यानं राहणं म्हणजे काय, तर पहिल्यांदा मापं चुकतात. चहाचं पातेलं दोन कपांचं. त्यात एक कप चहा ठेवला की तो करपल्यासारखा लागतो, म्हणून मी दोन कप करायचो आणि दोन्ही प्यायचो. शुगर आहे मला, वर हा उद्योग. भात एका माणसाचा किती, ते मला महिनाभर कळलं नाही. सकाळचा भात संध्याकाळी फोडणी देऊन, उद्या सकाळी परत गरम करून, शेवटी कॉलनीतल्या कुत्र्याला. गॅसची टाकी तिच्या मोबाईलवर नोंदवलेली. टाकी घेऊन आलेला माणूस दारात उभा राहून "आकडा सांगा" म्हणतो आणि तो आकडा मेलेल्या माणसाच्या फोनवर येतो. म्हणून तिचा फोन मी रोज चार्ज करत होतो. नंबर बदलून घ्यायचा अर्ज आणून ठेवला होता. तो तसाच फ्रिजवर पडून होता, कारण एकदा अर्ज दिला की तो फोन वाजायचा बंद होणार.

रडू मला घरात आलं नाही. ते आलं गिरणीत. ज्वारीचा डबा ठेवला, गिरणीवाल्यानं विचारलं, "काका, बारीक का जाड?" साधा प्रश्न. चाळीस वर्षं भाकरी खाल्ली आणि पीठ बारीक का जाड ते मला माहीत नाही. मी तिथं पोत्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. गिरणीवाला शहाणा माणूस, त्यानं पट्टा चालू केला. त्या आवाजात माझं कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं जाड दळलं. भाकऱ्या तुटल्या, पण त्या तशाही तुटल्याच असत्या.

पोरगा पुण्यात नोकरीला. सून चांगली आहे, नातू गोड आहे, चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. पोरगा म्हणाला, "बाबा, चला." मी म्हणालो, न्हाय. तो म्हणाला, "तुम्हाला शुगर आहे. चक्कर येऊन पडलात तर कुणाला कळणार? दोन दिवसांनी?" ते खरं होतं. पण त्या फ्लॅटमध्ये मी आठ दिवस राहून आलो होतो. तिथं मला कुणी काही काम करू देत नाही. चप्पल घातली की "कुठं चालला?" मी तिथं पाहुणा असतो, आणि पाहुण्यानं मरेपर्यंत राहायचं हे मला पटत नव्हतं. माझं घर इथं होतं. तिचं निम्मं सामान अजून जागेवर होतं. घराला कुलूप लागलं तर ती दुसऱ्यांदा गेल्यासारखी होईल, असं मला वाटायचं. हे पोराला सांगता आलं नाही. मी नुसता भांडलो.

भांडण इतकं रंगलं की समोरची आक्का उठून आमच्या दारात आली. आक्का म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी. माझ्यापेक्षा नऊ-दहा वर्षांनी मोठी, माहेर नेसरीकडचं. नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, लेक हातकणंगल्याला दिलेली, घरात एकटी. सगळी कॉलनी तिला आक्का म्हणते आणि ती सगळ्या कॉलनीला अरे-तुरे करते. दिवसभर दारात बसून काहीतरी निवडत असते, कधी तांदूळ, कधी मेथी, काही नसलं तर माणसं.

"काय चाललंय?" तिनं विचारलं. पोरानं सांगितलं. आक्कानं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "रोज सकाळी दारात रांगोळी काढायची. साडेसातच्या आत. दिसली म्हंजे तू हाईस. न्हाय दिसली तर मी आत येणार. एक किल्ली माझ्याकडं दे."

मी म्हणालो, "आक्का, मी रांगोळी काढू? गडी माणूस?"

"मग जा लेकाकडं."

"फोन करतो की मी रोज."

"फोन मला दिसत न्हाय नीट. आन् तू करायला इसारलास का मेलास, हे मला कसं कळायचं? रांगोळी मला हितनं दिसती."

पोराला ते पटलं. त्यानं मला वर एक अट घातली. "यात एकदा जरी काही गडबड झाली, बाबा, तरी मी कुलूप लावून तुम्हाला घेऊन जाणार. मग वाद नाही." मी हो म्हणालो. हो म्हणण्यावाचून इलाज नव्हता.

रांगोळीचा डबा देवघराखाली होता. लाकडी, झाकणाला खाच पडलेली. पहिल्या दिवशी मी साडेपाचलाच उठलो, कुणी बघायच्या आत उरकावं म्हणून. दार झाडलं, पाणी शिंपडलं आणि उकिडवा बसलो. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीतनं रांगोळी सोडायची, एवढंच असतं. एवढंच. पण ती एकदम पडते, नाहीतर पडतच नाही. फरशी ओली राहिली होती, त्यामुळं रेघ ओढली ती विरघळून चिखल झाला. थांबून, पुसून, सुकवून परत काढली. पाच ठिपके काढायला दहा मिनिटं लागली आणि ते एका ओळीत नव्हते. दूधवाला आला, खाली बघून म्हणाला, "काका, पीठ सांडलंय." मी त्याला जायला सांगितलं, जरा कडक शब्दांत.

आक्का समोरनं ओरडली, "दिसली." बस्स. चांगली नाही, वाईट नाही. दिसली.

महिनाभर मी असे ठिपके सांडले. गुडघे दुखायचे, कंबर धरायची, आणि राग यायचा. आपण कधी वाकडं काम केलेलं नाही आणि आता रोज सकाळी साऱ्या बोळाला वाकडं काम दाखवायचं. बाजारात जाळीचे छापे मिळतात, ते आणले. फुलं, मोर, कलश. त्यांची भोकं इतकी ढोबळ की मला बघवेना. मग एका दुपारी मी पत्र्याचा तुकडा घेतला, टोकदार स्क्राइबरनं आखला, पाऊण इंचावर सारखी भोकं पाडली, कडा घासल्या, वर धरायला मूठ बसवली. नऊ ते पाच ठिपके, जोडायच्या रेघांसकट. पत्रा ठेवायचा, रांगोळी पसरायची, हातानं फिरवायची, पत्रा सरळ वर उचलायचा. अर्ध्या मिनिटात काम. एक केससुद्धा इकडंतिकडं नाही.

ती गेल्यापासनं पहिल्यांदा मला बरं वाटलं ते त्या दुपारी. हातात कानस होती, समोर मोजमाप होतं, तीन तास कधी गेले कळलं नाही. आपल्याला अजून काहीतरी करता येतंय. त्या दिवशी मी दोन वेळा जेवलो, बसून. तोवर मी ओट्यापाशी उभ्या उभ्या खात होतो.

बोळातल्या बायका बघून गेल्या. "काकांनी मशीन काढलंय रांगोळीचं." मी फुशारलो, खोटं कशाला सांगू. आक्काला विचारलं, "कशी हाय?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "छापल्यागत हाय." मला ते कौतुक वाटलं.

त्यानंतर बरंच काही हळूहळू मार्गी लागलं. एका कपाचं पातेलं आणलं. वाटीच्या मापानं भात यायला लागला, पाऊण वाटी, दोन वेळा. गिरणीत आता मी न विचारता सांगायचो, मध्यम. होळीला आमच्याकडं स्मशानात चितेसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, देतात, कॉलनीतल्या पोरांबरोबर मीही शंभर शेणी घेऊन गेलो. तिला दुसऱ्या कुणीतरी दिलेल्या शेणी लागल्या होत्या, आता आपण द्याव्यात. दुपार मात्र जात नव्हती. दोन ते पाच हे तास कुणी बनवले कोण जाणे. त्या वेळात ती वर्तमानपत्र मोठ्यानं वाचायची आणि मी मुद्दाम तिच्याशी वाद घालायचो. आता मी मोठ्यानं वाचायचो आणि वाद घालायला कुणी नव्हतं. तरी वाचायचो. दिवसातनं एकदा तरी स्वतःचा आवाज ऐकायला पाहिजे, नाहीतर घसा बसतो, हे मला अनुभवानं कळलं होतं.

श्रावणातली गोष्ट. आदल्या दिवशी सोमवारचा उपवास केला होता, करायला नको होता. ती असताना मी कधी केला नव्हता. तिचे सोळा सोमवार अर्धे राहिले होते, ते आपण पुरे करावेत असं डोक्यात आलं. शुगरच्या गोळ्या घेऊन वर नुसत्या साबुदाण्यावर उपवास करणं हा शुद्ध गाढवपणा. सकाळी सहाला न्हाणीत गेलो, डोळ्यांपुढं अंधार आला आणि खाली आलो. उजवा पाय अंगाखाली मुडपला. शुद्धीवर होतो, पण घोट्यात अशी कळ की हलता येईना. अंगात घाम, हातपाय कापत होते. फोन बाहेरच्या खोलीत.

मी घाबरलो नाही. खरं सांगतो, पहिल्यांदा मी घाबरलो नाही. मनात म्हटलं, आता सहा वाजलेत. साडेसातला आक्का बघेल, रांगोळी नाही म्हटल्यावर किल्ली घेऊन येईल. दीड तास काढायचा. बादलीपाशी पडून मी शंभरपर्यंत आकडे म्हणत राहिलो, परत पहिल्यापासनं.

साडेसात झाले. न्हाणीच्या खिडकीतनं बोळातलं सगळं ऐकू येतं. आक्काचा आवाज आला. ती भाजीवालीशी दोडक्यावरनं हुज्जत घालत होती. मी हाक मारली, पण भाजीवालीपुढं माझं काय ऐकू येणार. आठ झाले. आक्का कुणाला तरी हसून काहीतरी सांगत होती. मला कळेना. माझ्या दारासमोर बसून ती हसते कशी? नऊ वाजले, दूरवर शाळेची घंटा झाली. मग मात्र मी घाबरलो. वाटलं, ही बाई मला विसरली. वाटलं, पोरगा बरोबर होता, दोन दिवसांनी सापडणार आपण. मी बायकोला हाक मारली. नावानं कधी मारली नव्हती, तशी. लाज वाटण्याइतकी शुद्ध राहिली नव्हती.

साडेअकराला किल्ली फिरली. आक्का घावनांची ताटली घेऊन आली होती, कडी वाजवून दार उघडेना म्हणून आत आली. मला बघितलं आणि ताटली तिथंच ठेवून तिनं पहिल्यांदा माझ्या तोंडात साखर कोंबली. डब्यातली, मूठभर. मग पदर खोचून माझ्याजवळ खाली बसली.

"आक्का," मी म्हणालो, "का न्हाय आलीस?"

"आरं रांगोळी हाय की दारात! मी साडेसातला बघितली, साडेआठला बघितली. म्हटलं उठलाय बाबा."

होती. कालची. पोर्चवर पत्रा आहे, पाऊस आत येत नाही, वारा नव्हता. कालची रांगोळी जशीच्या तशी शाबूत होती, आणि रोज सकाळी तीच निघत असल्यामुळं ती कालची का आजची हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. एका केसाचाही फरक पडू नये म्हणून मी तीन तास कानस चालवली होती. मी माझी चूक इतकी सफाईनं केली होती.

घोट्याचं हाड तडकलं होतं. प्लास्टर झालं. संध्याकाळी पोरगा पोचला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्या पलंगाच्या कडेला बसून रडला आणि म्हणाला, "बाबा, आई गेली तेव्हा मी पोचलो नव्हतो." तो रजा टाकून राहिला, प्लास्टर निघालं की निघायचं ठरलं. त्यानं हळूहळू सामान बांधायला घेतलं. मी अडवलं नाही. गडबड झाली तर वाद नाही, असं मीच कबूल केलं होतं. पत्र्याचा तो छापा मी पोराकरवी माळ्यावर टाकला.

आक्का रोज दुपारी दोनला यायची, काहीतरी निवडायला घेऊन. पोरगा त्या वेळात झोपायचा. एके दिवशी ती शेंगा फोडत होती, मी पाय उशीवर ठेवून पडलो होतो. मी म्हणालो, "आक्का, तुला कळायला पायजे हुतं. तू म्हणालीस छापल्यागत हाय, तवाच सांगायचं."

"कळाया पायजे हुतं खरं," ती म्हणाली. "तुझी बायको कधी कालच्यासारखी आज काढत नव्हती. त्यामुळं कालची का आजची बघायचं माझ्या ध्यानातनंच गेलं."

"ती का बदलायची रोज?"

"माझ्यापायी."

मी उठून बसलो. आक्कानं शेंगा फोडणं थांबवलं नाही. तिनं सांगितलं ते असं. नवरा गेल्यावर लेक तिला हातकणंगल्याला न्यायला आली होती. आक्का जाईना. तेव्हा माझ्या बायकोनं मधे पडून लेकीला शब्द दिला होता, की तुझ्या आईच्या दारात रोज मी बघेन. साडेसातच्या आत. दोघींनी आपापल्या दारात रोज नवी काढायची, हे तिनंच ठरवलं होतं, म्हणजे कालची का आजची असा घोळ नको. आक्कानं नवरा गेल्यावर रांगोळीत हळद-कुंकू वाहायचं सोडलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून, आणि नंतर सवयच मोडली म्हणून. तर माझी बायको आपली रांगोळी झाली की करंडा घेऊन बोळ ओलांडायची, आक्काच्या रांगोळीत चिमूटभर हळद-कुंकू ठेवायची, "आक्का" म्हणून हाक मारायची, आतनं "हां" आली की परत यायची. अठरा वर्षं.

आणि मी? मी आत बसून ओरडत होतो. "चहा कुठाय? तिकडं काय एवढं असतं तुझं रोज?" ती म्हणायची, "आक्का उठल्यात का बघून आलो." हे वाक्य मी अठरा वर्षं रोज सकाळी ऐकलंय. मला वाटायचं, बायकांच्या गप्पा. पाच मिनिटं चहाला उशीर होतो म्हणून मी तिच्यावर चिडायचो, आणि ती पाच मिनिटं एका माणसाच्या जिवाची होती. ती असताना हे मला विचारावंसं वाटलं नाही, याची मला लाज वाटली आणि अजून वाटते. ती माझ्यावर कधी रागावली नाही, उलट चहात आलं जास्त घालायची.

बायको गेल्यावर माझ्या कपाळावरचं गंध कुणी पुसलं नव्हतं. देवळात जातो, गंध लावतो, माझं काही गेलं नाही. आक्काचं तेवढं सगळं गेलं होतं, आणि त्यातलं चिमूटभर माझी बायको रोज सकाळी तिला परत नेऊन देत होती. हे माझ्या डोक्यात हळूहळू शिरत होतं. मग मधेच मला दुसरं सुचलं.

"आक्का," मी म्हणालो, "ती जाऊन आठ म्हैने झाले. आता तुझी रांगोळी कोण बघतंय?"

तिनं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली, दाणे वाटीत ओतले. "कोण बघतंय," ती म्हणाली. "काढतो आपली रोज. सवय हाय हाताला."

माझ्या दारावर नजर ठेवणाऱ्या त्या बाईच्या दारावर आठ महिने कुणाची नजर नव्हती. ती रोज बरोबर साडेसातला माझी रांगोळी बघायची, आणि मी कधी मान वर करून समोर बघितलं नव्हतं. बायकोच्या वेळी जे केलं, तेच मी परत केलं होतं.

संध्याकाळी मी पोराला सांगितलं, मी येत नाही. तो चिडला. त्यानं अटीची आठवण करून दिली. मी म्हणालो, "अट बरोबर हाय तुझी, मी मोडतोय. मला शिव्या दे. पण समोरच्या दारात रोज बघायला कुणीतरी पायजे, आणि ते काम तुझ्या आईचं होतं." मग त्यानं विचारलं, "आणि तुम्ही पडलात तर?" "आक्काला कळेल. आता मी हातानं काढणार, वाकडी." तो उठून आत गेला. बांधलेल्या पिशवीतनं त्यानं माझे कपडे परत कपाटात लावले. जोरजोरात. आईसारखाच आहे. जाताना गॅसच्या अर्जावर माझी सही घेऊन तो स्वतः देऊन आला, आणि तिचा फोन त्यानं माझ्या उशाशीच राहू दिला.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पावणेसातला दारात स्टूल घेऊन बसलो. उकिडवं बसता येत नव्हतं, म्हणून एक पाय लांब करून, काठी बाजूला ठेवून काढली. साधी चिमटीनं, चार पाकळ्यांचं फूल. एक पाकळी मोठी झाली. तशीच ठेवली. मग देवघरातला करंडा घेतला आणि काठी टेकत बोळ ओलांडला.

आक्काच्या दारात सात ते चार ठिपक्यांची रांगोळी होती. मधे चौकोन, त्याच्या चार कोपऱ्यांतनं निघालेल्या चार वेली, प्रत्येक वेलीला तीन पानं. डावीकडच्या खालच्या वेलीला दोनच. तिथं तिचा हात थरथरला असावा, रेघ जरा जाड झाली होती. मी ती सगळी नीट बघितली. मग करंडा उघडून हळदीची आणि कुंकवाची चिमूट घेतली आणि कडेच्या पानावर ठेवायला वाकलो. हाक मारायची हेही आठवलं.

"आक्का."

आतनं "हां" आली नाही. चिमूट तशीच धरून मी दाराकडं मान उचलली. मग उंबऱ्याच्या आत साडीचा काठ हलला. ती दाराआड उभी राहून बघत होती, कधीपासनं कोण जाणे.

"कडंला न्हाय," ती म्हणाली. "मधी ठिव. ती मधी ठिवायची."

मी मधे ठेवलं.